दोन्ही हात ठेवून

श्रोतेहो, नमस्कार. पाचूबंदरचा म्हातारा तांडेल पोराच्या हाती सुकाणू देतो आणि मागे उभा राहून सारखा ओरडतो, "डावीकडे घे, अरे डावीकडे!" पोरगं ना धड तांडेल होतं, ना धड खलाशी. आमच्या धर्मग्राम समित्यांतही हेच चालतं.

माझी आवडती गोष्ट गणना ग्रंथाच्या 27व्या अध्यायात आहे. देव मोशेला म्हणतो, अबारीम डोंगरावर चढ, तिथून तो देश बघ. पण तू आत जाणार नाहीस. मरीबाला खडकाशी घडलेल्या प्रसंगाची ती शिक्षा. चाळीस वर्षं या माणसाने लोकांची कुरकुर ऐकली आणि हाती काय आलं? लांबून बघणं! अनुवाद ग्रंथात तो मला पलीकडे जाऊ दे म्हणून विनवतोही. देव म्हणतो, पुरे, हा विषय पुन्हा काढू नकोस.

आणि इथे मोशे काय मागतो बघा. स्वतःसाठी काहीच नाही. म्हणतो, या लोकांवर कुणीतरी नेम, नाहीतर मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखी यांची गत होईल. गेर्षोम आणि अलियेजर हे त्याचे दोन मुलगे, पण तो एकाचंही नाव घेत नाही. (आमच्याकडे खजिनदाराचा मुलगा खजिनदार होतो, आणि हिशेबाची वही घरच्या कपाटात राहते. असो.)

देव सांगतो, नूनचा मुलगा यहोशवा घे आणि त्याच्यावर हात ठेव. कुठे? घरात, गुपचूप नाही. एलाजार याजकासमोर, सगळ्या मंडळीसमोर. पुन्हा सांगतो, सगळ्यांसमोर. आणि तुझ्या अधिकारातला काही भाग त्याला दे. सगळा नाही, काही. यहोशवाने देवाचा कौल एलाजारमार्फतच घ्यायचा होता. म्हणजे नव्या माणसालाही विचारायला एक जागा ठेवलेली होती.

आता गंमत ऐका. हिब्रू पाठात आज्ञा एका हाताची आहे, पण मोशेने ठेवले दोन्ही. रब्बी म्हणतात, सांगितलं त्याहून जास्त, भरभरून दिलं. ज्याला आत जाता येणार नाही, तो आत जाणाऱ्याला दोन्ही हातांनी देतो!

मग मागे राहिलेल्यांनी काय करायचं? गणनाच्या आठव्या अध्यायात लेवींचा नियम आहे. पन्नासाव्या वर्षी सेवेचं काम सोडायचं, पण भावांना मदत करत दर्शनमंडपात पहारा द्यायचा. पहारा म्हणजे हुकूम नव्हे.

यहोशवाने मात्र आपल्यामागे कुणालाच नेमलं नाही. पुढचं शास्ते पुस्तक काढून शेवटचं वचन वाचा: ज्याला त्याला जे बरं वाटे, ते तो करी.

समितीतल्या मोठ्यांनो, येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर, सगळे बाकांवर बसलेले असताना, नव्या खजिनदाराचं नाव घ्या. वही आणि पेटीची किल्ली तिथेच द्या. बँकेतली सही बदलायचा अर्जही त्याच आठवड्यात करा.