छापलेलं एकदा, क्यूआरमधलं एकदा

मंडळी, जीएसटी म्हणजे काय, आयआरएन म्हणजे काय, हे या सभागृहात सांगायची गरज नाही. ऑगस्ट २०२३पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांनाही ई-इनव्हॉइस बंधनकारक झालं. तेव्हापासून तुमच्या टेबलावर येणाऱ्या बऱ्याच खरेदी बिलांवर वरच्या बाजूला तीन ओळी असतात: चौसष्ट अक्षरांचा आयआरएन, पंधरा आकडी ॲक नंबर आणि ॲक डेट. शेजारी तो दाट क्यूआर. विषय एवढाच आहे की, स्कॅन केलेल्या बिलावरून या तीन गोष्टी उचलायच्या कशा आणि त्या खऱ्या आहेत हे ठरवायचं कसं.

आधी माझी तक्रार सांगतो, कारण विषय तिथूनच सुरू होतो. आमच्याकडे बिलं वाचणारं एक सॉफ्टवेअर आलं होतं. बिलाचा फोटो टाकला की डावीकडे ‘क्यूआरमधून’, उजवीकडे ‘छापील’ आणि मध्ये हिरवी खूण. महिनाभर सगळं हिरवंगार. आमच्या खरेदी विभागातल्या एका ताईंना ते खटकलं. त्या म्हणाल्या, ‘सर, व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत मला डोळ्यांनी आयआरएन वाचता येत नाही, मग याला चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं कशी वाचता येतात?’ प्रश्न बिनतोड होता. आम्ही एका बिलाच्या प्रतीवर छापील आयआरएनला पांढरी पट्टी चिकटवली आणि ते पुन्हा स्कॅन केलं. तरी हिरवी खूण! छापील अक्षरं वाचता आली नाहीत की ते सॉफ्टवेअर क्यूआरमधला आयआरएन उचलून ‘छापील’च्या रकान्यात भरत होतं, आणि मग दोन्ही रकाने जुळतात असं सांगत होतं. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर आलं, ‘ग्राहकांना रिकामा रकाना आवडत नाही.’ अहो, मला तोच रिकामा रकाना हवा आहे! कुठल्या बिलाकडे माणसाने बघायचं, हे मला त्याच्यावरूनच कळतं.

म्हणून माझा आग्रह असा: दोन वाचनं वेगळी ठेवा. क्यूआरमधून जे आलं ते एका बाजूला, कागदावरून जे वाचलं ते दुसऱ्या बाजूला. एकाने दुसऱ्याची उणीव भरायची नाही.

आता कागदावरचं वाचन. आयआरएन बहुधा एका ओळीत मावत नाही. छपाईत तो दुसऱ्या ओळीवर जातो आणि पुष्कळदा पहिल्या ओळीच्या टोकाला एक जोडरेघ येते. ती रेघ आणि मोकळ्या जागा काढा, मग मोजा. चौसष्ट भरले नाहीत तर ते वाचन बाद. या चौसष्टांत फक्त शून्य ते नऊ आणि a ते f येतात. म्हणजे o दिसला तर तो शून्यच, l दिसला तर एक, s दिसला तर पाच. इतकी दुरुस्ती यंत्राने खुशाल करावी. पण b आणि 6, c आणि e, B आणि 8 यांत दोन्ही बाजू चालणाऱ्या आहेत, तिथे अंदाज करायचा नाही. जीएसटी क्रमांकाला शेवटी तपासणीचं अक्षर असतं, आयआरएनला तसं काही नाही. नुसता त्याच्याकडे बघून एक अक्षर चुकलंय हे कुणालाही कळणार नाही.

कळतं ते पुन्हा हिशेब करून. आयआरएन हा चार गोष्टींचा SHA-256 हॅश आहे: विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल क्रमांक. हे चारही बिलावरून मिळतात, आर्थिक वर्ष बिलाच्या तारखेवरून. ते घेऊन हॅश काढा, छापील आयआरएनशी लावून बघा. जून २०२५पासून बिल क्रमांक आधी मोठ्या लिपीत, म्हणजे कॅपिटलमध्ये, बदलून मग हॅश काढला जातो. जुन्या बिलांना हा नियम लावलात तर चांगली बिलंही नापास होतील.

त्या चारांत रक्कम नाही, हे लक्षात आलं का? इथेच खरी गंमत आहे. एक बिल पडद्यावर दाखवतो. पुरवठादाराने एक लाखाचा माल, अठरा टक्के कर, असं बिल करून आयआरएन घेतला. मग वाहतुकीचे पाच हजार राहिले असं लक्षात आलं. हिशेबनीसाने त्याच बिलात एक ओळ वाढवली आणि जुन्याच आयआरएन व क्यूआरसकट पुन्हा छापलं. कागदावर एकूण रक्कम १,२३,९०० रुपये. क्यूआर उलगडला तर आत हे:

```
"DocNo":"25-26/417", "DocTyp":"INV",
"DocDt":"12/08/2025", "TotInvVal":118000,
"ItemCnt":1, "IrnDt":"2025-08-12 17:42:00"
```

आयआरएन जुळतो. ॲक डेट जुळते. हॅश पुन्हा काढला तरी जुळतो. जुळत नाहीत त्या दोनच गोष्टी: रक्कम, आणि मालाच्या ओळींची संख्या, क्यूआरमध्ये एक, कागदावर दोन. तुम्ही १८,९०० रुपयांचं क्रेडिट धरून बसाल आणि २बीमध्ये येतील अठरा हजार. हे बिल परत पाठवायचं. चोवीस तासांच्या आत असेल तर पुरवठादार आयआरएन रद्द करून नव्या क्रमांकाने बिल करू शकतो, कारण जुना क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. चोवीस तास उलटले असतील तर वाढीव पाच हजार आणि नऊशे कराची डेबिट नोट, आणि तिलाही स्वतःचा आयआरएन.

वेळ संपत आलीय, चिठ्ठी आली. ॲक नंबरचं भरभर सांगतो. तो क्यूआरमध्ये नसतोच! त्यामुळे ‘ॲक नंबर क्यूआरशी जुळला’ असं कुणी सांगितलं तर त्याला पुन्हा विचारा. पंधरा आकडे आहेत का, एवढंच कागदावरून तपासता येतं. ॲक डेटचं बरं आहे, क्यूआरमधलं IrnDt म्हणजे तीच. पण वरच्या नमुन्यात दोन तारखांची मांडणी वेगळी आहे, बिलाची दिवसापासून सुरू होते, नोंदणीची वर्षापासून. छापताना पुष्कळ ठिकाणी वेळ गळते, तेव्हा नुसती तारीख ताडा. ॲक डेट बिलाच्या तारखेआधीची असेल तर काहीतरी बिघडलंय. दहा कोटी आणि त्यावरच्या उलाढालीला एप्रिल २०२५पासून बिलाच्या तारखेपासून आयआरएन घ्यायला तीस दिवसांची मुदत आहे, ती ओलांडलेली दिसली तरी थांबा.

बिलावर पैसे भरायचा दुसरा क्यूआरही असतो. यंत्राने तोच वाचून ‘क्यूआर चुकीचा’ म्हणू नये, दोन्ही वाचून बघावेत. आणि क्यूआर उलगडला म्हणजे तपासला असं नाही. त्यावरची डिजिटल सही पोर्टलच्या सार्वजनिक किल्लीने तपासावी लागते, नाहीतर कुणीही तसाच मजकूर घालून चौकोन छापेल.

शेवटचं. बिल रद्द झालं तरी कागदावरच्या क्यूआरची सही खरीच राहते, रद्द झाल्याचं त्याला कळायचा मार्ग नाही. म्हणून सगळं जुळल्यावरही पैसे सोडण्याआधी आयआरएन चालू आहे की रद्द, हे पोर्टलवर बघा आणि महिनाअखेरीला २बीतल्या आयआरएनच्या रकान्याशी लावून घ्या. प्रश्न असतील तर बाहेर चहाच्या टेबलाशी भेटू, बिलं आणली असतील तर घेऊनच या.