टाकीत पाणी किती? चार दिवे सांगतात

(दृश्य: ओसरी. पाटावर पांढरा पीव्हीसी पाइप, नऊ व्होल्टची बॅटरी, छोटे दिवे)

खानापूर तालुका, जांबोटीकडचं एक गाव. ओसरीवर शेजारपाजारची माणसं जमलीत. मधे बसलेले काका वायरिंगची कामं करतात. मलप्रभेचा उगम इथून जवळच, कणकुंबीला. पावसाळ्यात पाणी उदंड. पत्र्यावरचं पाणी पन्हळीतून गाळणीत आणि गाळणीतून टाकीत येतं. पुढे ते पुरवून वापरायचं, तर आत किती उरलंय ते कळायला हवं. त्यासाठी आजवर शिडी लावून झाकण उघडायचं. मागच्या साली त्या शिडीवरून घसरून एका आजींचा हात मोडला.

(दृश्य: पाइप जवळून, बाहेर डोकावणारे स्टीलचे स्क्रू)

हा पाइप टाकीत उभा राहतो. तळाशी एक स्क्रू, त्याला बॅटरीचं धन टोक. त्याच्या वर ३०, ६०, ९० आणि १२० सेंटीमीटरवर एकेक स्क्रू. पाणी ज्या स्क्रूपर्यंत चढेल, तिथपर्यंत पाण्यातूनच अगदी किंचित वीज जाते. तेवढ्यानं दिवा पेटत नाही, म्हणून मधे ट्रान्झिस्टर. बीसी ५४७, दोन-चार रुपयांना मिळणारा. वीज त्याच्या बेस नावाच्या पायाला पोचली की तो बॅटरीकडून दिव्याला वाट मोकळी करून देतो.

(दृश्य: दोन बादल्या)

आता या बादल्या नीट पाहा. डावीकडे बोअरचं पाणी, उजवीकडे पावसाचं. डावीकडे दिवा लख्ख, उजवीकडे मंद.

“दिवा तोच, मग असं का गा?” एक वहिनी विचारतात.

“पाण्यातून वीज जाते ती त्यातल्या क्षारांमुळं,” काका सांगतात. “बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. पावसाच्या पाण्यात कुठले एवढे?”

म्हणून ते प्रत्येक दिव्यामागे दोन ट्रान्झिस्टर जोडतात. पहिल्यानं वाढवलेली वीज दुसरा पुन्हा वाढवतो. हे बघा, उजवीकडचा दिवाही लख्ख झाला. जोडणी तपासायची ती पावसाच्याच पाण्यात. नळाच्या पाण्यात सगळंच चालतं आणि टाकीत उतरवल्यावर फसगत होते.

दोन ट्रान्झिस्टरमुळे मात्र हे यंत्र फार हळवं होतं. पाइपवर नुसता दमटपणा धरला तरी वरचा दिवा पेटू शकतो. त्यावर उपाय म्हणून पहिल्या ट्रान्झिस्टरचा बेस आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्यामध्ये १ मेगाओमचा रेझिस्टर जोडलाय. दमटपणातून झिरपणारी वीज त्यातून निघून जाते, खऱ्या पाण्याची पुरून उरते.

(दृश्य: हिरवी पडलेली तांब्याची तार)

ही तार उघडीच पाण्यात सोडलेली होती आणि बॅटरी सतत चालू. धन टोकाकडचा धातू असा पाण्यात उतरतो. पिण्याच्या पाण्यात तांबं नको, म्हणून स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, तारेचे जोड पाइपच्या आत आणि स्क्रूभोवतीची भोकं इपॉक्सीनं बुजवलेली. आणि हे बटण. दाबलं तेवढाच वेळ वीज पाण्यात जाते. बॅटरीही पुष्कळ दिवस टिकते.

(दृश्य: स्वयंपाकघराच्या दाराशी चार दिवे, बोट बटणावर)

ही टाकी आतून दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद. म्हणजे दर ३० सेंटीमीटरला १२०० लिटर. आता खालचा एकटा लाल दिवा पेटलाय; पाणी १२०० आणि २४०० लिटरच्या मधे कुठेतरी आहे. नेमकं किती, ते चार दिव्यांनी कळत नाही. हिशेब १२०० चाच धरायचा. त्यातही तोटी तळापासून १० सेंटीमीटर वर, म्हणजे खालचे ४०० लिटर तोटीतून येणारच नाहीत. हाती राहिले ८००. घरात पाच माणसं, वापर दिवसाला २०० लिटर. चार दिवस.

“आणि बिघडलं तर?”

“दिवे खालून वर ओळीनं पेटायला पाहिजेत. वरचा पेटला आणि खालचा नाही, तर खालच्याची तार सुटली म्हणून समजायचं, नाहीतर दिवाच गेला. टाकीत पुरेसं पाणी असून एकही पेटला नाही तर आधी बॅटरी बघा, मग तळाचा स्क्रू. टाकी रिकामी असून पेटले तर पाइप पुसून बघा.”

पाइप आणि केबल धरून खर्च चारेकशे रुपये.

(दृश्य: टेप धरलेले दोघे, गोल टाकी)

शेजारच्या घरची टाकी गोल आहे, आतला व्यास दीड मीटर. तिथे ३० सेंटीमीटरला जेमतेम ५३० लिटर बसतात. माणसंही तिथं जास्त. लाल दिव्याचा स्क्रू काका ६० सेंटीमीटरवर घ्यायला सांगतात.