ताकाच्या कुंडीत किती नत्र?

[दृश्य: शेडनेटखाली मांडलेल्या वीस कुंड्या. प्रत्येकीवर रंगीत पट्टी.]

खान्देशातल्या एका कृषी तंत्र विद्यालयाच्या आवारात या वीस कुंड्या मांडल्या आहेत. पदविकेच्या विद्यार्थ्यांचा हा प्रकल्प. पीक पालकाचं. पाच कुंड्यांना नुसतं पाणी, पाचांना गांडूळपाणी म्हणजे व्हर्मीवॉश, पाचांना ताक, आणि उरलेल्या पाचांना दोन्ही मिळून.

आधी मेथी लावायचं ठरत होतं. ती लवकर येते आणि इथे घरोघरी खाल्ली जाते. पण मेथी शेंगवर्गीय. तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र घेतात, मग ताकाने काय दिलं हे ओळखायचं कसं? पालकाला ती सोय नाही. जे कुंडीत आहे आणि जे आपण घालू, त्यावरच तो वाढतो. शिवाय पेरल्यापासून महिना-सव्वा महिन्यात पहिली कापणी मिळते आणि नंतर तेच रोप पुन्हा फुटतं. प्रकल्पासाठी याहून सोयीचं पीक सापडणं अवघड आहे.

[दृश्य: तोटी लावलेलं प्लास्टिकचं पिंप. वर टांगलेलं मडकं, त्यातून थेंब पडतोय.]

गांडूळपाण्याचं पिंप असं भरलं आहे. तळाशी विटांचे तुकडे, त्यावर जाड वाळू, त्यावर थोडी माती, आणि वर अर्धवट कुजलेलं शेण आणि केळीच्या खांबाचे सुकवलेले तुकडे. केळीचे खांब जळगावकडे मागाल तेवढे मिळतात आणि त्यात पालाश भरपूर असतं. गांडुळं आयसेनिया फेटिडा जातीची, खत करणारी. शेतातली, खोल बिळं करणारी गांडुळं या कामाला चालत नाहीत. ताजं शेण घातलं तर ते कुजताना तापतं आणि गांडुळं मरतात. खान्देशचा उन्हाळाही त्यांना सोसत नाही, म्हणून हा प्रकल्प हिवाळ्यात घेतला आहे.

वरच्या मडक्यातून थेंबथेंब पाणी पडतं, थरांतून झिरपतं आणि तोटीतून निघतं. सुरुवातीचं गढूळ पाणी पुन्हा वर ओतायचं. पिंप मुरलं की चहाच्या रंगाचं, मातीचा वास असलेलं पाणी येऊ लागतं. सडका वास आला, तर आत हवा खेळत नाही असं समजायचं. ते पाणी कुंडीत घालायचं नाही.

[दृश्य: स्टीलच्या पातेल्यात ताक. विद्यार्थिनी मोजपात्राने मोजते.]

ताक घरचंच, तीन-चार दिवस आंबवलेलं. पण बिनमिठाचं. मीठ घातलेलं ताक वारंवार दिलं तर कुंडीत क्षार साचतात, आणि कूपनलिकेचं पाणी खारट असेल तर भर पडते. तांब्या-पितळेच्या भांड्यातही ते आंबवायचं नाही. आंबट ताकात तांबं उतरतं आणि ते झाडाला मिळालं, तर आपण ताकाचा परिणाम पाहतोय की तांब्याचा, हेच कळत नाही.

दोन्ही द्रावणं एकास दहा अशी पातळ केली आहेत. आठवड्यातून एकदा प्रत्येक कुंडीला शंभर मिलिलिटर. नुसत्या पाण्याच्या कुंडीलाही शंभरच. मिश्रणाच्या कुंडीला दोन्ही पन्नास-पन्नास, कारण दोन्ही शंभर-शंभर दिली तर दुप्पट मात्रा होईल आणि तुलनाच मोडेल. माती, शेणखत आणि वाळू यांचं मिश्रण एकाच ढिगातून, वजन करून भरलं आहे. कुठली कुंडी कुठे ठेवायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, कारण कडेच्या कुंड्या ऊन-वारा जास्त खातात.

[दृश्य: शाळेमागच्या घरातल्या आजी कुंड्यांपाशी उभ्या.]

शेजारच्या आजी रोज येऊन बघतात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "ताक पेवानं सोडीसन कुंडीमा काबर टाकी ऱ्हायनात रे?"

प्रश्न अगदी नेमका आहे, म्हणून त्याचा हिशोब मांडूया.

[दृश्य: फळा. खडूने आकडे लिहिले जातात.]

एकास दहाच्या शंभर मिलिलिटर द्रावणात ताक साधारण नऊ-दहा मिलिलिटर. पाणी घालून घुसळलेल्या ताकात प्रथिनं दोन टक्के धरू. म्हणजे 0.2 ग्रॅम प्रथिन. दुधाच्या प्रथिनाला 6.38 ने भागलं की नत्र निघतं. उत्तर आलं सुमारे 0.03 ग्रॅम, म्हणजे 30 मिलिग्रॅम. चार आठवड्यांत 120 मिलिग्रॅम. यूरियात सेहेचाळीस टक्के नत्र असतं, तेव्हा ही सगळी भर यूरियाच्या पाव ग्रॅमाएवढी झाली. एक चिमूट.

आता पालकाची बाजू. शंभर ग्रॅम ताज्या पानांत दोन-तीन ग्रॅम प्रथिनं, म्हणजे 0.3 ते 0.5 ग्रॅम नत्र. महिनाभर दिलेल्या ताकातलं सगळं नत्र रोपाने घेतलं, तरी एवढ्या पानांचं निम्मंही भागत नाही. बाकीचं कुंडीतल्या शेणखतानेच दिलं. शिवाय ताकातलं नत्र प्रथिनात अडकलेलं असतं. जिवाणूंनी ते फोडल्याशिवाय मुळांना मिळत नाही, आणि त्याला वेळ लागतो.

मग फरक कुठून येऊ शकतो? गांडूळपाण्यात विद्राव्य अन्नद्रव्यं थोडीच असतात, पण वाढीला चालना देणारे संप्रेरकांसारखे पदार्थ आणि सूक्ष्मजीव असतात. ताकात दुग्धाम्ल जिवाणू असतात. ताक आंबट असल्याने काळ्या मातीचा सामू उतरतो, असंही सांगितलं जातं. इथे सावध राहायला हवं. खान्देशातल्या पुष्कळ काळ्या जमिनींत चुनखडी असते आणि ती एवढं पातळ आम्ल लगेच निष्प्रभ करते. म्हणून विद्यार्थी आज ओतल्यावर आणि आठवड्याने अशी कुंडीखालून निथळलेल्या पाण्याच्या सामूची नोंद घेतात. आठवड्याने आकडा जागेवर आला, तर सामू उतरल्यामुळे फायदा झाला असं लिहिता येणार नाही.

[दृश्य: मातीवर पांढरी साय, कडेला मुंग्या.]

ही साय दिसली तर ताक कमी पातळ केलं आहे. थराखाली हवा जात नाही, मुंग्या-चिलटं येतात. खुरप्याने पृष्ठभाग हलवायचा आणि एक आठवडा फक्त पाणी द्यायचं.

[दृश्य: सकाळची कापणी. तराजू.]

उंची मोजली जाते, पण निर्णय तिच्यावर नाही. सावलीतलं रोप नुसतंच लांबतं. सगळ्या कुंड्यांची पानं एकाच सकाळी, पाणी देण्याआधी कापून तोलायची.

समजा नुसत्या पाण्याच्या पाच कुंड्यांनी 68, 74, 81, 59 आणि 78 ग्रॅम पानं दिली. सरासरी 72. ताकाच्या कुंड्यांनी 70, 95, 60, 88 आणि 72. सरासरी 77. पाच ग्रॅम जास्त, म्हणून ताक जिंकलं असं लिहायचा मोह होईल. पण ताकाच्याच दोन कुंड्यांमध्ये पस्तीस ग्रॅमांचं अंतर आहे. अशा आकड्यांवरून ताकामुळे फरक पडला असं म्हणता येत नाही, आणि अहवालात तसंच स्पष्ट लिहायचं. मला तरी असा अहवाल ओढूनताणून काढलेल्या यशापेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

खरी उत्सुकता दुसऱ्या कापणीची. पहिल्या कापणीपर्यंत शेणखतातलं सहज मिळणारं नत्र बरंच संपलेलं असतं आणि ताकातलं प्रथिन फुटायला अवधी मिळालेला असतो. फरक दिसायचाच असेल, तर तेव्हा दिसण्याची शक्यता जास्त. म्हणून रोपं मुळासकट उपटायची नाहीत. जमिनीपासून दोन बोटं वर कापायची, तीच मात्रा चालू ठेवायची आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तराजू मांडायचा.