बिंदू एका जागी थांबला तर

नमस्कार श्रोतेहो. सुट्टी लागली की ठाणे-कळव्याकडची बरीच मंडळी मुरबाडमार्गे गोरखगडाला निघतात. म्हसा मागे पडून गाडी देहरीच्या रस्त्याला लागली की रेंजचा भरवसा राहत नाही. आणि इकडे घरी लाइव्ह लोकेशन बघत बसलेल्या आईच्या जिवाला घोर लागतो, "अगं, बिंदू अर्धा तास जागचा हललेला नाही!"

अशा वेळी बिंदूच्या खाली बघा, शेवटचं अपडेट किती वेळापूर्वी आलं ते तिथे लिहिलेलं असतं. तो आकडा वाढतोय, म्हणजे रेंज गेली असेल किंवा फोन बंद पडला असेल. माणूस अडकलाय, असा अर्थ त्यातून लगेच काढू नका. अपडेट ताजं आहे आणि तरी बिंदू हलत नाही, तर मात्र तो खरंच थांबलाय.

असं का होतं? आपण कुठे आहोत हे फोनला उपग्रहांच्या सिग्नलवरून कळतं, त्याला इंटरनेट लागत नाही. घरच्यांना ते कळवायला मात्र लागतं. त्यामुळे देहरीच्या रानात तुमचा फोन तुम्हाला वाट दाखवत असतो, आणि घरच्यांच्या हाती शिळी जागा असते.

वाट दिसायला नकाशा मात्र आधी फोनमध्ये उतरवलेला हवा. गुगल मॅप्समध्ये प्रोफाइलच्या फोटोवर टॅप करा, ऑफलाइन मॅप्स उघडा आणि चौकटीत कल्याणपासून देहरीच्या पलीकडचा डोंगरही येऊ द्या. मग घरीच एअरप्लेन मोड लावून वायफाय बंद करा आणि देहरी मोठी करून बघा. गावातले रस्ते दिसले तर काम झालं, कोरा पडदा दिसला तर चौकट अपुरी पडली.

एक मेख आहे. ऑफलाइन असताना गुगल मॅप्स गाडीचा रस्ता सांगतं, पायी वाट सांगत नाही. गडाच्या चढणीसाठी ऑर्गॅनिक मॅप्ससारखं अ‍ॅप घ्या, त्यात पायवाटाही ऑफलाइन दिसतात. अर्थात, कुणीतरी नोंदवलेल्या असतील तेवढ्याच. गावातल्या माणसाला विचारण्यात कमीपणा नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन पाठवताना पंधरा मिनिटं, एक तास आणि आठ तास असे पर्याय येतात. गडासाठी आठ तासच निवडा, आणि तेही रेंज असतानाच, मुरबाडला चहाला थांबाल तेव्हा. किती वाजेपर्यंत खाली उतरून फोन करणार, हेही तेव्हाच घरी सांगून ठेवा.

वर कुणाचा पाय मुरगळला, तर नकाशावर आपल्या जागी बोट दाबून धरा. 19 आणि 73 ने सुरू होणारे दोन आकडे दिसतील. ते साध्या एसएमएसने पाठवा, डेटा चालत नसतानाही तो कधीकधी जातो. 112 ला फोन लागला तर हेच आकडे वाचून दाखवा. आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून 112 लागू शकतो.