तक्त्यावरची गाळलेली ओळ

बसा मंडळी, मागे जागा आहे. माईक नीट येतोय ना? आपला विषय आहे तुलनात्मक लाभ, व्यवहारतोल आणि विनिमय दर, आणि परीक्षेत यावर येणारे प्रश्न. मला खरं तर एकच गोष्ट सांगायचीय. ही तीन प्रकरणं पुस्तकात वेगवेगळी छापलीत म्हणून आपण ती वेगवेगळी पाठ करतो, पण ती एकच गोष्ट आहे, आणि त्यांना जोडणारा सांधा आहे विनिमय दर. तिथे पोचायचंय आज, पण आधी एक किस्सा सांगते, तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

माझी एक विद्यार्थिनी होती, हुशार, अक्षर मोत्यासारखं. एका परीक्षेत रिकार्डोचा १८१७ चा तक्ता आला होता, तुम्हा सगळ्यांना पाठ आहे तो. इंग्लंड, कापड १००, दारू १२०. पोर्तुगाल, कापड ९०, दारू ८०. कुणाला कशात तुलनात्मक लाभ ते सांगा. आता रिकार्डोच्या मूळ उदाहरणात हे आकडे श्रमाचे आहेत, म्हणजे ठराविक माल बनवायला वर्षभर किती माणसं राबवावी लागतात ते. पण पेपरात तक्त्यावरची ती ओळच छापायची राहिली होती. नुसते चार आकडे! हिने काय केलं, उत्तराच्या आधीच एक ओळ लिहिली की हे आकडे श्रमाचे आहेत असं गृहीत धरलंय, आणि मग सगळं बरोबर सोडवलं. मार्क मिळाले शून्य. फी भरून उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली तर लाल पेनाने लिहिलेलं, 'इंग्लंडचे दोन्ही आकडे मोठे, म्हणून निरपेक्ष लाभ इंग्लंडला'. तपासणाऱ्याने ते उत्पादन समजून वाचले होते! पुनर्मूल्यांकनातही तेच. मला आजही राग येतो त्याचा, कारण ती पोर माझ्यासमोर बसून विचारत होती की मॅडम, माझं काय चुकलं, आणि तिचं काहीच चुकलेलं नव्हतं.

ही चूक किती मोठी ते बघा, पेन असेल तर लिहून घ्या. आकडे श्रमाचे धरले तर इंग्लंडमध्ये एक कापड बनवायला १०० श्रम जातात, तेवढ्या श्रमात दारू झाली असती १०० भागिले १२०, म्हणजे ०.८३. हा झाला कापडाचा संधी खर्च. पोर्तुगालमध्ये तोच ९० भागिले ८०, म्हणजे १.१२५. म्हणजे कापड इंग्लंडने करावं, दारू पोर्तुगालने. आता तेच आकडे उत्पादनाचे धरा, भागाकार उलटा होतो. इंग्लंडला एका कापडासाठी १.२ दारू सोडावी लागते, पोर्तुगालला ०.८९. आता कापड पोर्तुगालने करावं! आकडे तेच, निरपेक्ष लाभही फिरला आणि तुलनात्मक लाभही फिरला. म्हणून तक्ता दिसला की आधी विचारायचं, हे लागलेले श्रम आहेत का निघालेला माल आहे. ओळ गाळलेली असेल तर त्या पोरीने केलं तेच करा, गृहीतक लिहा. तिला मार्क मिळाले नाहीत तरी मी हेच सांगणार, कारण दुसरा प्रामाणिक मार्ग नाही.

बरं, फायदा किती झाला हेही विचारतात. आधी दोन्ही देश दोन्ही वस्तू करायचे, एकूण श्रम ३९०. आता इंग्लंड दोन कापड करतं, २०० श्रम, पोर्तुगाल दोन दारू, १६० श्रम, झाले ३६०. माल तेवढाच, ३० श्रम वाचले. एकास एक अदलाबदल झाली तर त्यातले २० इंग्लंडचे, १० पोर्तुगालचे. अदलाबदलीचा भाव ०.८३ ते १.१२५ दारू याच्या मधेच हवा, बाहेर गेला की एक देश म्हणणार आम्ही घरीच बनवतो.

आता खरा मुद्दा, आणि समोरून मला दहाच मिनिटं असं दाखवतायत. पोर्तुगाल दोन्ही वस्तू कमी श्रमात करतो ना? मग पोर्तुगालचा व्यापारी इंग्लंडचं कापड घेईलच का? त्याला संधी खर्च दिसत नाही, त्याला भाव दिसतो. हे उत्तरपत्रिकेत कुणीच लिहीत नाही. भाव ठरतो मजुरीवर आणि विनिमय दरावर. पोर्तुगालची मजुरी १ धरा, तिथलं कापड पडतं ९० ला, दारू ८० ला. इंग्लंडची मजुरी, पोर्तुगालच्या चलनात मोजून, ०.८ असेल तर कापड पडेल ८० ला आणि दारू ९६ ला. झालं, कापड इंग्लंडचं स्वस्त, दारू पोर्तुगालची स्वस्त. पण पाउंड महाग होऊन तीच मजुरी ०.९५ झाली तर? कापड ९५, दारू ११४, दोन्ही पोर्तुगालचीच स्वस्त. इंग्लंड सगळंच आयात करणार, विकायला काही नाही, चालू खात्यावर तूट. श्रमाचे आकडे तसूभर बदललेले नाहीत, तुलनात्मक लाभ जिथे होता तिथेच आहे, फक्त दर चुकीच्या जागी आहे. या तक्त्यात मजुरी ०.६७ आणि ०.९ च्या मधे असली तरच दोन्हीकडून व्यापार चालतो. पाउंड घसरला किंवा इंग्लंडची मजुरी उतरली की गाडी परत त्या पट्ट्यात येते. हा बघा सांधा.

मग लगेच प्रश्न येतो, चलन पाडलं की तूट भरून निघते का. आपलंच उदाहरण घेऊ, ६ जून १९६६. डॉलर ४.७६ रुपयांचा ७.५० झाला. पहिला सापळा इथेच, अवमूल्यन किती टक्के? रुपयाची किंमत डॉलरमध्ये ३६.५ टक्के उतरली, डॉलरची किंमत रुपयात साधारण ५७.५ टक्के चढली. दोन्ही बरोबर, पण रुपयाचं अवमूल्यन विचारलं तर ३६.५. कशाच्या बदल्यात काय मोजतोय तेच पुन्हा, तक्त्यासारखंच.

दुसरं, पटकन सांगते. समजा आयातीचे सौदे १०० डॉलरचे आहेत, निर्यातीचे ४०० रुपयांचे, आणि सौदे आधीच झालेत. आधी आयात ४७६ रुपये, तूट ७६. दर बदलल्यावर आयात ७५० रुपये, तूट ३५०! नग एकही बदलला नाही आणि तूट वाढली. यालाच जे-कर्व्हचा खालचा भाग म्हणतात. पुढे नवे सौदे होतात, आयात कमी होते, निर्यात वाढते, तेव्हा तो वर वळतो, तेही आयात आणि निर्यात या दोन्ही मागण्यांच्या लवचिकतेची बेरीज एकापेक्षा जास्त असेल तरच, तीच मार्शल-लर्नर अट. १९६६ मध्ये आपण विकत होतो मुख्यतः ताग, चहा, कापड, आणि लागोपाठ दोन वर्षं दुष्काळ, म्हणजे शेतमाल कमी आणि बाहेरून गहू आणणं थांबवता येत नव्हतं. त्यात निर्यातीची अनुदानं काढून घेतली, वर काही मालावर निर्यात शुल्क लावलं, म्हणजे निर्यातदाराच्या हातात ५७ टक्के जादा आलेच नाहीत. म्हणून 'अवमूल्यनाने निर्यात वाढते' एवढंच लिहून थांबू नका, कोणता माल, कोणत्या चलनातला सौदा आणि किती दिवसांनी, हे लिहा.

व्यवहारतोलाची चालू आणि भांडवली ही दोन्ही खाती राहिलीच, एकच सांगते. 'व्यवहारतोलात तूट' असं प्रश्नात आलं तर कोणत्या खात्यावर ते आधी लिहा, कारण सगळी खाती मिळून जमाखर्च जुळतोच. चालू खात्यावरची तूट कर्जाने, गुंतवणुकीने नाहीतर गंगाजळीतून भरलेली असते. गंगाजळी आटली की काय होतं ते १९९१ ला बघितलं, सोनं गहाण ठेवावं लागलं आणि १ आणि ३ जुलै असं दोन टप्प्यांत रुपया खाली आणला.

हो हो, थांबते. तक्ता फळ्यावर ठेवलाय, वर 'लागलेले श्रम' असं लिहून. पुसू नका, पुढच्या तासाला लागेल.