पनीरच्या डब्यातलं पाणी

मंडळी, पत्रिकेत माझा विषय ‘पनीर खराब झालं हे कसं ओळखावं’ असा छापलाय. तिकडे येतोच, पण आधी आमच्या वहिनींच्या डब्याबद्दल बोलू द्या. सगळा विषय त्याच डब्यात आहे.

नातवाचं बारसं रविवारी होतं. वहिनींनी बुधवारीच डेअरीतून अर्धा किलो सुट्टं पनीर आणलं. पनीर पाण्यात ठेवलं की मऊ राहतं, हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते खरंच आहे. उघडं ठेवलं तर फ्रीजमध्ये त्याच्या कडा सुकून पिवळट, चिवट होतात. तर वहिनींनी त्याच दिवशी तुकडे केले, स्टीलच्या डब्यात घातले, वर नळाचं पाणी ओतलं आणि डबा फ्रीजच्या दारातल्या कप्प्यात ठेवला. शनिवारी रात्री मला म्हणाल्या, “भाऊजी, जरा बघा हो, पाणी बुळबुळीत झालंय. धुऊन घेतलं की चालेल ना?”

मी बोट बुडवून वर काढलं, तर पाण्याची बारीक तार आली. एक तुकडा नळाखाली चोळून धुतला. हाताला स्वच्छ लागला. बशीत ठेवून दहा मिनिटांनी पुन्हा बोट फिरवलं, तर परत घसरडा. हे मी बावीस वर्षं डेअरीत पाहत आलो आहे, तरी घरच्या डब्यात पाहिलं की जीव हळहळतो. बारशाची भाजी होती हो!

आता हा बुळबुळीतपणा येतो कुठून? पनीर करताना दूध चांगलं तापवतात, त्यात बहुतेक जंतू मरतात. मग आंबट घालून फाडतात, फडक्यात बांधून दाबतात, लादी थंड पाण्यात बुडवतात आणि कापतात. नवे जंतू येतात ते या पुढच्या टप्प्यांत: फडक्यातून, सुरीवरून, हातांवरून, पाण्यातून. म्हणजे ते बसतात पनीरच्या अंगावर, आत फारसे जात नाहीत. त्यातले काही थंडीतही आरामात वाढतात आणि स्वतःभोवती चिकट थर करतात. धुतलं की वरचा थर जातो, जंतू उरतात.

म्हणून वहिनींचे तुकडे मला खटकले. हिशेब करून बघा. दहा सेंटीमीटर लांब-रुंद आणि पाच सेंटीमीटर जाड लादीला ४०० चौरस सेंटीमीटर पृष्ठभाग असतो. तिचे अडीच सेंटीमीटरचे ३२ तुकडे केले की तोच १२०० होतो. जंतूंना तिप्पट अंगण दिलं आपण! लादी अख्खी ठेवा, तुकडे भाजीच्या वेळी करा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. तर भराभर सांगतो.

पाणी उकळून, थंड करून घ्या. डबा गरम पाण्याने धुतलेला हवा, लादी पूर्ण बुडाली पाहिजे. पाणी रोज बदला, डबाही दर वेळी धुवा आणि आत हात घालू नका, स्वच्छ चमचा वापरा. जुन्यात नवं पाणी ओतून भर घालू नका. वहिनींनी नेमकं तेच केलं होतं. डबा आतल्या बाजूला ठेवा, दार सारखं उघडतं आणि तिथे ऊब जास्त असते. इतकं करूनही सुट्टं पनीर मी तीन दिवसांपलीकडे ठेवत नाही. जास्त दिवस हवं असेल तर बर्फाच्या कप्प्यात, पण मग ते थोडं भुसभुशीत होतं, भुर्जीला चालतं.

ओळखायचं कसं? पहिल्या दिवशी पाणी किंचित दुधाळ होतं, त्याची काळजी नको. तार येणं, धुतल्यावर पुन्हा घसरडं लागणं, डबा उघडताच ओल्या फडक्यासारखा कुबट किंवा झोंबणारा आंबट वास येणं, कोपऱ्यांवर हिरवट किंवा गुलाबी छटा दिसणं, यांपैकी एकही दिसलं तर टाका. चाखून पाहू नका. तळून चालेल, असंही समजू नका. काही जंतूंचं विष तळूनही जात नाही. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा: पोट बिघडवणारे काही जंतू ना वास देतात ना चिकटपणा. म्हणून दिवस मोजायचेच. बंद पाकीट फुगलं असेल तर तारीख न बघता टाका.

शेवटचं, कारण दोन गोष्टींची गल्लत होते. भाजीआधी कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवतात, ते कडक पनीर मऊ करण्यासाठी. ते तुकडे थेट रश्शात घाला, परत फ्रीजमध्ये ठेवू नका.