शंभरावर आणून ठेवलेल्या तीन रेघा

[दृश्य: सकाळ, अक्कलकोट रोड एमआयडीसी, पत्र्याच्या शेडमधून येणारा मागांचा खडखडाट]

हा आवाज सोलापूरकरांना सांगायला नको, पूर्व भागात वाढलेल्या पोराला तर मागाच्या आवाजातच झोप लागते. आज मात्र कापड बघायचं नाहीये, कापडाचा हिशोब बघायचाय. ओळखीतले तीन कारखाने घेतलेत, नावं घेणार नाही, आणि डोक्याला त्रास नको म्हणून आकडेही सोयीचे, गोल करून घेतलेत.

पहिला मोठा, टॉवेल एक्स्पोर्ट करणारा. २०१८-१९ ला विक्री ४० कोटी. दुसरे आमचे मामा, चादरीचा छोटा कारखाना, त्याच वर्षी विक्री ५० लाख. तिसरा शाळेचे युनिफॉर्म शिवणारा, ३ कोटी.

मी काय केलं, सहा वर्षांची विक्री एक्सेलमध्ये टाकली, ग्राफ काढला आणि मामांना मोबाईलवर दाखवला. मामा चष्मा वर करून बघत राहिले आणि म्हणाले, "काय दाखवालाव ओ, आमची रेघ कुठाय?"

[दृश्य: ग्राफ. एक रेघ वर, दोन रेघा तळाला चिकटलेल्या]

रेघ होती, पण तळाला, जमिनीवर दोरा पडावा तशी. कारण बाजूची पट्टी शून्यापासून ५० कोटीपर्यंत, त्यात मामांचे ५० लाखाचे ७० लाख झाले तरी रेघ केसभर हलते. मोठ्याचे ४० चे ५० कोटी झाले, ती उडी लांबून पण दिसते. आता खरं बघा, मोठा २५ टक्क्यांनी वाढला आणि मामा ४० टक्क्यांनी! ग्राफ बघून मात्र कुणीही म्हणेल की मामांचं काही चाललेलं नाही.

यावर उपाय अगदी साधा. प्रत्येकाचं पहिलं वर्ष १०० धरायचं. दर वर्षीची विक्री त्याच कारखान्याच्या पहिल्या वर्षाच्या विक्रीने भागायची आणि १०० ने गुणायचं, बस्स. मामांचे ७० भागिले ५०, गुणिले १००, झाले १४०. मोठ्याचे ५० भागिले ४०, झाले १२५. युनिफॉर्मवाल्याची विक्री शेवटच्या वर्षी ३ कोटी ३० लाख, म्हणजे ११०. तिन्ही रेघा एकाच ठिकाणाहून निघतात, गड्ड्याच्या जत्रेत लहान-मोठी सगळी पोरं एकाच रेषेवर उभी करून पळवावी तशा, आणि मग कोण किती पळालं ते दिसतं.

सेन्सेक्स असाच आहे बरं का. १९७८-७९ हे वर्ष १०० धरलंय. म्हणजे सेन्सेक्स ८०,००० वर असतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की त्या वर्षाच्या ८०० पट.

एक्सेलमध्ये हे करताना बहुतेकांचा हात एका जागी घसरतो, माझाही घसरला. वर्षं A कॉलममध्ये, तीन कारखाने B, C, D मध्ये, पहिलं वर्ष दुसऱ्या ओळीत. फॉर्म्युला F2 मध्ये असा:

```
=B2/B$2*100
```

तो डॉलर विसरलात आणि खाली ओढलं तर प्रत्येक आकडा स्वतःनेच भागला जातो, सगळीकडे १००, रेघ एकदम सपाट. आणि जास्तीचा डॉलर टाकून `$B$2` केलं की उजवीकडे ओढल्यावर मामांची विक्रीपण मोठ्याच्या ४० कोटींनी भागली जाते, मामा १०० ऐवजी १.२५ पासून सुरू होतात. म्हणून ग्राफ काढायच्या आधी पहिली ओळ बघायची, तिथे तिन्हीकडे १०० नसेल तर पुढचं काही बघायचंच नाही.

[दृश्य: बंद शाळेचं गेट, मग शिवणकामाच्या मशीनची रांग]

आता खरी गंमत. १०० कुठल्या वर्षाला धरायचं?

२०२०-२१ आठवतंय ना, शाळा बंद, युनिफॉर्म घालणार कोण. त्या वर्षी युनिफॉर्मवाल्याची विक्री ३ कोटींवरून ६० लाखांवर आली. मामांची २० लाख. मोठ्याचीपण पडली, पण ३० कोटींवर थांबली. आता हेच पडकं वर्ष १०० धरा आणि शेवटचं वर्ष बघा. मोठा १६७, मामा ३५०, आणि युनिफॉर्मवाला ५५०! आपल्या आधीच्या ग्राफमध्ये हाच माणूस ११० वर, सगळ्यात शेवटी होता. विक्रीचा एक रुपया बदलला नाही, नुसतं सुरुवातीचं वर्ष बदललं आणि शेवटचा पहिला झाला. जो सगळ्यात खोल खड्ड्यात पडला त्याची चढण सगळ्यात मोठी दिसणारच की.

म्हणून कुणी असा ग्राफ दाखवला तर मी आधी १०० कुठे आहे ते बघतो, आणि त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं मागतो. ती वर्षं बेसच्या बरीच वर असतील, म्हणजे युनिफॉर्मवाल्याचं २०१८-१९ जसं ५०० निघतं तशी, तर समजायचं की खड्ड्यातून मोजायला सुरुवात केलीय. एकही वर्ष धड सापडत नसेल तर दोन-तीन वर्षांची सरासरी १०० धरावी, मग एका वाईट किंवा एका लॉटरीच्या वर्षाच्या हातात सगळं जात नाही.

अजून एक, मामा स्वतःच फसले ते. शेवटच्या वर्षात त्यांची रेघ ११६ वरून १४० वर गेली, तर ते म्हणाले "चोवीस टक्के वाढलो". नाही मामा, चोवीस पॉइंट. टक्के काढायचे तर २४ ला ११६ ने भागायचं, येतात जवळपास २१. रेघ १०० पासून जेवढी वर जाते तेवढा हा फरक वाढतो, म्हणूनच ८०,००० वरचा सेन्सेक्स ८०० पॉइंट पडला की टीव्हीवर बोंब होते आणि प्रत्यक्षात तो एक टक्का असतो.

आणि हो, मामांची रेघ मोठ्याच्या वर गेली म्हणजे मामा मोठ्याला मागे टाकून गेले असं नाही. ७० लाख ते ७० लाखच, समोर ५० कोटी. १०० वर आणताना आपण आकारच पुसलेला असतो, त्यामुळे ग्राफखाली "२०१८-१९ = १००" आणि शेजारी त्या वर्षाची खरी विक्री रुपयात लिहून ठेवावी. नफ्याला हे करायला जाऊ नका, पहिल्या वर्षी तोटा असेल तर भागाकारात उणे येतं आणि पुढे नफा झाला की रेघ उलटी खाली पळते, वाचणाऱ्याला काही कळत नाही.

[दृश्य: संध्याकाळ, चहाची टपरी, टेबलावर दोन प्रिंटआउट]

युनिफॉर्मवाल्याला दोन्ही ग्राफ दाखवले. त्याने ५५० वाला उचलला, घडी घातली आणि म्हणाला, "कर्जाच्या फाइलला हाच लावतो." मी पेन काढलं आणि त्याच्या घडीवरच लिहिलं, "२०२०-२१ = १००, विक्री ६० लाख". त्याने ते वाचलं, चहा संपवला आणि दुसरा कागद मागितला.